मावशीचं पहिलं पान

मावशीनं पुस्तक लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अख्खा पावसाळा घालवला. मी संध्याकाळी ओसरीवर मुलींच्या वह्या तपासत बसलेली असायची आणि ती आतून विचारायची, "'दिवेलागण' बरं वाटतं की 'तिन्हीसांज'?" मी म्हणायची, तिन्हीसांज. दुसऱ्या दिवशी ती 'तिन्हीसांज' खोडून 'दिवेलागण' करायची. तिसऱ्या दिवशी 'सायंकाळची कातरवेळ' आली तेव्हा मी हातातली वही मिटली आणि तिला म्हटलं की अगं, त्या वेळेला पुढं काय झालं ते तरी एकदा लिही. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आमच्या घरात हट्टाची वाटणी करताना देवानं हात आखडला नव्हता.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली, सरकारी दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि परभणीत नोकरीला लागली. मी तिथंच मुलींच्या शाळेत शिकवायची. निजामाच्या अमलातली ती महायुद्धाची वर्षं होती. दोन बाया, एक चूल, असा आमचा संसार. तिला एकच मुलगी होती, चारठाण्याच्या पलीकडच्या गावात दिलेली. पहिलं बाळंतपण आमच्याकडे सुखरूप झालं. दुसरं सासरी झालं. बाळ झालं, पण अंगावरून जाणारं रक्त थांबेना. घरात सगळी माणसं होती, दारात गाडी होती, बैल होते. पण तीच म्हणाली, "सगळ्यांची जेवणं होऊ द्या, मग बघू." जेवणं झाली. मग गाडी जुंपली. जिंतूरच्या दवाखान्याची वाट अर्धी झाली नाही तोवर ती गेली.

तिच्या नणंदेनं हे मावशीला सांगितलं आणि मावशीनं मला. एकदाच सांगितलं. पुन्हा त्या वाक्याचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

पुस्तक त्यातूनच निघालं होतं. बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी, हे तिला जेवढं ठाऊक होतं ते सगळं लिहायचं आणि गावोगाव घरात पोचवायचं. आमच्या गावच्या मराठी वाचनालयाची मंडळी ते छापून द्यायला तयार होती. पण लढाईमुळे कागद मिळत नव्हता. छापखान्यानं सांगितलं, एक फर्मा देतो, म्हणजे सोळा पानं, त्यात बसवा. मावशीनं तोवर दोन वह्या भरल्या होत्या. पहिल्या महिन्यापासूनचा आहार, ओवी, डिंक, देवाचं स्मरण, बाळाची टाळू, दृष्ट काढावी की नाही याच्यावर चांगलं लांबलचक विवेचन, असं सगळं आठवेल तसं. आणि या सगळ्याच्या आधी ते पहिलं पान. 'एका गावी एक सुशील सून होती' असं ते सुरू व्हायचं आणि 'दिवेलागणीला उंबऱ्यावरची पणती विझावी तशी ती कोवळी माता विझली' असं संपायचं. ही सून कोण, ते त्यात नव्हतं. मावशीचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ते पान तर तिनं इतक्यांदा उतरून काढलं होतं की छापायची गरजच वाटू नये.

शाळेत मी मुलींना निबंध शिकवायची. पाटीवरची पहिली ओळ पुसून पुसून घोटणाऱ्या मुली तास संपेपर्यंत तिथंच असायच्या. त्यांना मी सांगायची, आधी काय सांगायचंय ते ठरवा, मग आधी काय नि नंतर काय ते ठरवा, आणि अक्षर, शब्द, सजावट सगळ्यात शेवटी. चोळी बेतायच्या आधीच कापडावर कशिदा काढला तर कात्री नेमकी मोरावरूनच जाते. मुलींना हे पटायचं. मावशीला सांगायला गेले तर म्हणाली, "मला शिकवू नकोस. तुझं नाक मी पुसलंय."

कार्तिकात एका शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या आमच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही पिंगळीला गेलो. आगगाडीनं एक ठेसन. तिथं एका लिंगायत घरात मावशीची ओळख होती. शेतीभाती, किराण्याचं दुकान, भरलं घर. थोरल्या सुनेचं बाळंतपण मावशीच्याच हातचं. धाकटी सून आता गरोदर होती, माघात दिवस भरायचे होते, आणि तिचंही बाळंतपण सासरीच होणार होतं. घरच्या सासूबाई, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज असा की गोठ्यातली म्हैस मान वर करील. दुपारी सोप्यात सगळ्या बाया वेचणीच्या कापसातला पाला काढत बसल्या होत्या. मावशीनं पिशवीतून दोन्ही वह्या काढल्या आणि मला म्हणाली, वाच. मी वाचायला लागले.

पहिलं पान वाचून होईपर्यंत सगळ्यांचे हात थांबले. थोरली सून पदरानं डोळे पुसायला लागली. एक म्हातारी शेजारीण तर हुंदके देऊन रडली. मावशी ताठ बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं आणि ते मला, खरं सांगते, आवडलं नाही. मी पुढं वाचत राहिले. आहार, ओवी, डिंक, दृष्ट. कापूस पुन्हा निवडला जाऊ लागला, कुणी उठून चुलीकडे जाऊन आलं. रक्त जाऊ लागलं तर काय करायचं ते दुसऱ्या वहीत शेवटाला होतं. तिथवर पोचेस्तोवर धाकटी सून भिंतीला टेकून पेंगली होती.

वाचून झाल्यावर मी शाळेतल्या खोडीनं विचारलं, "आता सांगा, बाळंतिणीचं रक्त थांबत नसलं तर तुम्ही काय कराल?"

थोरली सून म्हणाली, "डिंक द्यायचा ना?" म्हातारी शेजारीण म्हणाली, "देवाला नवस बोलू, बाई. दुसरं काय हाय आपल्या हातात?" सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मालक शेतातून आल्यावर त्यास्नी इचारू. ते म्हणतील तसं." मग मावशीकडे वळून म्हणाल्या, "पर लय गोड लिवलंय हो तुमी. त्या पोरीचं ऐकून काळीज हाललं."

परतीच्या गाडीत मावशी खुशीत होती. "बघितलंस कशा रडल्या?"

"रडल्या," मी म्हटलं. "पण गाडी कुणी जुंपली?"

माझी जीभ अशीच आहे. ती परभणी येईपर्यंत बोलली नाही, आणि नंतरही चार-सहा दिवस मीठ-पिठापुरतंच बोलली. मला वाईट वाटत होतं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटत नव्हतं. माघ काही आमच्या रुसव्यासाठी थांबणार नव्हता. त्या पेंगलेल्या पोरीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

एक दिवस ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर वह्या ठेवल्या. म्हणाली, "आज एक बाळ झालं. रडेना. मी त्याला उलटं धरलं, तोंडातलं काढलं, पाठ चोळली, तेव्हा रडलं. नवी शिकाऊ पोरगी बाजूला कोमट पाणी घेऊन उभी. तिला त्याला न्हाऊ घालायची घाई. मी ओरडले तिच्यावर, आधी श्वास बघ, न्हाऊमाखू मागून! आणि ओरडताना मला तुझं ते नाक वर केलेलं तोंड आठवलं." मग म्हणाली, "काप."

आम्ही कात्री घेतली. एका विषयाचा एक तुकडा, असं करत दोन्ही वह्या कापून काढल्या आणि सोप्यात चटई अंथरून त्यावर तुकडे मांडले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर जोंधळ्याची मापं, वाट्या, अडकित्ता, जे हाताला लागेल ते ठेवलं. मी अट घातली होती की वाक्याला हात लावायचा नाही. कुठला तुकडा कुठं, कुठला नकोच, कुठला अजून लिहायचा राहिलाय, एवढंच बघायचं. तरी ती मधूनच दौतीकडे हात न्यायची. शेवटी मी दौत डाळीच्या डब्यात लपवली.

आधी आम्ही महिन्यांप्रमाणे लावलं. पहिला महिना, दुसरा महिना, बाळंतपण, त्यानंतर. सरळ वाट, कुणालाही पटावी अशी. मावशी म्हणाली, झालं. मी म्हटलं, हे पुस्तक घरात कधी उघडलं जाईल? चांगलं चाललेलं असताना कोण वाचतंय? घाबरलेलं माणूस उघडेल, आणि ते पहिलं पान उघडेल. मग आम्ही सगळं पुन्हा उचललं आणि धोक्याच्या खुणा पुढं आणल्या. रक्त न थांबणं. झटके येणं. कळा सुरू होऊन एक दिवस-रात्र उलटली तरी सुटका न होणं. आधी हात किंवा नाळ बाहेर येणं. बाळंतपणानंतर ताप. प्रत्येकापुढं एकच गोष्ट, दवाखान्यात न्या. आणि नेईपर्यंत वाटेत काय करायचं तेवढं. आहार गेला मागं. दृष्टीवरचं विवेचन चुलीत गेलं. त्यावर चहा झाला.

राहिलं ते पहिलं पान. मावशीनं ते मध्ये ठेवून पाहिलं, शेवटी ठेवून पाहिलं. सोळा पानांत ते कुठंच मावेना. आणि टाकवतही नव्हतं. ते कच्चं, खाडाखोडीचं असतं तर तिनं कधीच बाजूला केलं असतं. पण पावसाळाभर घोटलेलं पान होतं, त्यातला एकेक शब्द तिनं हातानं बसवला होता. माझ्यासारख्या बाईलाही कधी गप्प बसावं ते कळतं. शेवटी तिनंच ते पान उचललं, घडी घातली आणि आपल्या पेटीत, लेकीच्या खणाच्या चोळीखाली ठेवलं. मग येऊन बसली आणि म्हणाली, "पुढं."

हा झाला दुसरा मसुदा. दिसायला भिकार. अर्धी वाक्यं तुटलेली, कुठं नुसतंच 'इथं तापाचं घालणे'. तो वाचतानाच मावशीनं एक प्रश्न विचारला आणि पुन्हा सगळं हललं. ती म्हणाली, "हे मी कुणाला सांगायलेय? 'बाई गं, तू असं कर, तू तसं कर.' बाळंतीण बाजेवर पडलेली. तिचं कोण ऐकतंय? गाडी काय ती जुंपणार हाय?"

खरं होतं. घरात गाडी निघायची की नाही ते सासू ठरवते, आणि सासू मालकाची वाट बघते. पिंगळीच्या बाईंनी आम्हाला ते तोंडावर सांगितलं होतं आणि तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे पुस्तक सासूशी बोलायला हवं. त्याबरोबर मजकुरातली भोकं दिसायला लागली. नववा महिना लागला की बैल लांबच्या कामाला पाठवू नका. गाडी नसेल तर कुणाची मिळेल ते आधीच बोलून ठेवा. पुरुषमाणूस घरी नसलं तर निघायला हरकत नाही, हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या. कंदिलात तेल ठेवा. यातलं एक अक्षरही त्या दोन सुंदर वह्यांमध्ये नव्हतं. मावशी ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवून आली. त्यांनी मधे एक गोष्ट घालायला सांगितली, की वार आपोआप पडेपर्यंत नाळ ओढू नये, हे ठळक हवं. ते घातलं.

प्रत्येक 'तू'चं 'तुम्ही' झालं आणि त्याच्यामागून वाक्यन् वाक्य बदललं. मी म्हटलं, "बघ, ही सगळी आधी घोटली असती तर?"

"कळलं, मास्तरीणबाई," मावशी म्हणाली. "आता तेच तेच उगाळू नकोस."

तिसऱ्या मसुद्यात आम्ही एका पानावर एकच गोष्ट येईल असं बसवलं, वर मोठं नाव, खाली काय करायचं ते क्रमानं. मग एक दिवस मी डाळीच्या डब्यातून दौत काढून तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, आता घे, घोट किती घोटायचं ते.

तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. ती घोटायची, पण आता वेगळं घोटायची. 'रक्तस्राव' खोडून 'अंगावरून रक्त जाणं'. 'विलंब न लावता' खोडून 'लगेच'. मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि जिथं माझा श्वास अडखळेल तिथं वाक्य तोडायची. सुंदर लिहिण्याची तिची सगळी हौस आता वाक्य आखूड करण्यात लागली होती. पावसाळ्यात जी बाई एका सांजेला तीन शब्द शोधत होती, तिनं पुस्तकभर सांज ठेवलीच नाही.

पौषात स्वच्छ प्रत तयार झाली. छापखान्यात देण्याआधी मी शेवटची नजर फिरवायला बसले. पहिलं पान, रक्त न थांबण्याचं. बाळ छातीला लावा. वार पडली असेल तर ओटीपोट हातानं चोळत राहा. तिला झोपवूनच न्या, उठवू-बसवू नका. त्याच्याखाली एक नवी ओळ होती, आधीच्या कुठल्याच मसुद्यात नसलेली. मी तोंड उघडलं होतं. शेवटच्या हाताला नवीन मजकूर घालायचा नसतो, हा माझाच कायदा. मग मी ओळ वाचली.

'बाळंतीण म्हणेल, आधी सगळ्यांची जेवणं होऊ द्या, मग बघू. तिचं ऐकू नका. गाडी जुंपा.'

मी प्रत खाली ठेवली आणि रडले. मावशी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "ती ओळ राहू दे." मी म्हटलं, राहू दे.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा पिंगळीला गेलो. तोच सोपा, त्याच बाया, या खेपेला तुरीच्या शेंगा सोलायला घेतलेल्या. धाकटी सून आता उठता-बसता दमत होती. मी पहिलं पान वाचलं. कुणी रडलं नाही. शेंगा फुटल्याचा आवाज चालू होता. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी नेहमीच्या खोडीनं विचारलं, "रक्त थांबत नसलं तर?"

सासूबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. "मालकाची वाट बघायची न्हाई. बैल दारात पायजेत. बाळ छातीला लावायचं, पोट चोळायचं, पोरीला निजवूनच न्यायचं. अन् ही," त्यांनी धाकटीकडे बोट केलं, "ही म्हणंल, आत्याबाई, आधी तुमी जेवा. तर हिचं ऐकायचं न्हाई. ताट सोडून उठायचं अन् गाडी जुंपायची."

धाकटी लाजून हसली आणि म्हणाली, "मी तसंच म्हणले असते."

"म्हणशीलच की! समद्या तसंच म्हणत्यात," सासूबाई म्हणाल्या आणि मावशीकडे वळल्या. "पर नर्सबाई, बाकीचं दवाखान्यात शिकवत असतील. हे जेवणाचं तुमाला कुणी सांगितलं?"

मावशीनं पदर सोडला, आणि पुढं होऊन धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझी लेक म्हणाली होती," ती म्हणाली.